रबाळेच्या सांडपाणी अहवालातली सीओडीची चूक: ग्रुपवरची धावपळ आणि क्लायंटला गेलेला ईमेल

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, महापे लॅब, 17 सप्टेंबर

स्नेहल, 9:42: सर अर्जंट!! काल पाठवलेला रबाळेचा ईटीपी रिपोर्ट गंडलाय. आउटलेटचा सीओडी 62 गेलाय, खरा 310 आहे 😭

अक्षय, 9:43: बापरे. मर्यादा 250 आहे ना? आणि आपण खाली "मर्यादेत" लिहून दिलंय!

स्नेहल, 9:43: हो!! त्यांना या महिन्याच्या 30 तारखेच्या आत फॉर्म पाच भरायचाय. हाच आकडा टाकला असेल तर?? मी लगेच नवीन पीडीएफ त्याच नंबरने पाठवते, जुनी इग्नोर करा म्हणते

मोरे सर, 9:45: काही पाठवू नकोस. त्याच नंबरचे दोन रिपोर्ट फिरले तर कुठला खरा ते कुणालाच कळणार नाही. आयएसओ 17025 मध्ये सुधारित रिपोर्टला वेगळा नंबर लागतो, मूळ रिपोर्टचा उल्लेख लागतो आणि काय बदललं तेही दाखवावं लागतं. आधी बेंचशीट वाच. ब्लँक, सॅम्पल, नॉर्मॅलिटी?

स्नेहल, 9:49: ब्लँक 24.60, सॅम्पल 23.05, एफएएस 0.1, घेतलेलं 20 मिली. 1.55 × 0.1 × 8000 ÷ 20 = 62. पण 10 मिलीचे 50 केले होते, म्हणजे × 5 = 310. वहीत डायल्यूशन लिहिलंय, शीटमध्ये रकाना रिकामा राहिला.

अक्षय, 9:51: आणि शीट गप्प बसली, कारण सूत्र हे आहे:

```
=(B12-C12)*D12*8000/E12*IF(F12="",1,F12)
```

रिकामं म्हणजे 1 धरतं. इनलेटच्या ओळीत 20 भरलेलं आहे, तिथला 2480 बरोबर.

मोरे सर, 9:53: अक्षय, ते IF बदल, रिकामं असेल तर आकडाच येऊ नये. त्या बॅचच्या बाकी ओळी वहीशी ताडून बघ. स्नेहल, राखीव नमुना आहे ना? सल्फ्युरिकने पीएच 2 च्या खाली, फ्रीजमध्ये? सहावा दिवस आहे, 28 दिवस चालतो. रिफ्लक्सला लाव. मी क्लायंटच्या पाटील साहेबांना फोन करतो, हे मेलमधून कळायला नको.

अक्षय, 10:20: बॅच ताडली. चूक या एकाच ओळीत.

स्नेहल, 13:20: रिपीट 304 आलं. ड्राफ्ट असा करू? "टायपिंग मिस्टेकमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत, कृपया समजून घ्यावे…"

मोरे सर, 13:24: टायपिंगची चूक नाही ही, गणिताची आहे. तसं लिहिलं आणि उद्या ऑडिटरने बेंचशीट मागितली तर आपणच खोटे पडू. माफी एकदा, एका ओळीत. आकडा विषयातच टाक. "मर्यादेत"चं "मर्यादेबाहेर" झालंय हे झाकू नकोस, त्यांच्यासाठी मुद्दा तोच आहे. कुणाची चूक ते नको, कशी झाली ते हवं. आणि ईटीपी कसा चालवावा ते आपण सांगायचं नाही.

पाठवलेला ईमेल, 14:05

विषय: सुधारित अहवाल 914-आर1: ईटीपी आउटलेट सीओडी 62 ऐवजी 310 मि.ग्रॅ./लि.

नमस्कार पाटील साहेब,

सकाळी फोनवर बोलल्याप्रमाणे, 16 सप्टेंबरला पाठवलेल्या अहवाल क्र. 914 मध्ये आउटलेटचा सीओडी चुकीचा छापला गेला. सोबतचा अहवाल क्र. 914-आर1 त्याची जागा घेतो. कृपया 914 कुठेही वापरू नये.

| | अहवाल 914 | अहवाल 914-आर1 |
|---|---|---|
| आउटलेट सीओडी, मि.ग्रॅ./लि. | 62 | 310 |
| संमतीपत्रातील मर्यादा 250 | मर्यादेत | मर्यादेबाहेर |

कारण: नमुना तपासणीपूर्वी पाच पट विरल केला होता. अंतिम गणनेत पाचने गुणायचे राहिले. नमुना घेणे व टायट्रेशन यात दोष नाही. राखीव नमुन्याची आज फेरतपासणी केली, निकाल 304 आला.

न बदललेले: आउटलेटचे पीएच 7.4, बीओडी 22 व निलंबित घन पदार्थ 48, तसेच इनलेटचा सीओडी 2480. हे सर्व आकडे मूळ नोंदींशी पुन्हा ताडले आहेत.

फॉर्म पाच अजून भरलेला नाही असे आपण सांगितलेत; त्यात 310 हाच आकडा धरावा. अहवाल 914 आपल्याकडून आणखी कुणाला गेला असल्यास त्यांनाही 914-आर1 पाठवावा.

हवे असल्यास शुक्रवारी, 19 सप्टेंबरला सकाळी 10 वाजता आमचा माणूस आउटलेटचा नवा नमुना घेईल. त्याचे शुल्क नाही. तो निकाल त्या दिवसापुरता असेल, 11 सप्टेंबरच्या नमुन्याचा निकाल त्याने बदलणार नाही. उद्या संध्याकाळी 5 पर्यंत कळवल्यास गाडी राखून ठेवतो.

विरलनाची नोंद रिकामी असल्यास आकडाच निघणार नाही, असा बदल गणनापत्रकात आज केला आहे.

या चुकीबद्दल दिलगीर आहोत.

मोरे
गुणवत्ता विभाग, महापे, नवी मुंबई

सोबत: अहवाल 914-आर1, सीओडी बेंचशीटची प्रत