थंड पाण्याच्या फॉरवर्डचा दोन ओळींत गोषवारा

मंडळी, पॅरालिसिसवाला तो लांबलचक मेसेज त्रिमूर्तीनगरच्या आपल्या ग्रुपवर पुन्हा फिरतो आहे. त्यात काय म्हटलंय, एवढंच आधी:

१) तापमान ४० अंशांच्या वर असताना बाहेरून आल्या आल्या फ्रिजचं पाणी प्यायलं किंवा गार पाण्यानं हातपाय धुतले, तर बारीक रक्तवाहिन्या फुटून पक्षाघात होऊ शकतो, असा दावा आहे.
२) त्यावर अर्धा तास थांबून साधं पाणी हळूहळू प्यावं असं सुचवलंय, आधार म्हणून एका मित्राचा अनुभव आणि नाव न दिलेल्या डॉक्टरांचं मत दिलंय.

'होऊ शकतो' हे मुद्दाम तसंच ठेवलं. तिथं 'होतो' लिहिलं असतं, तर न केलेला दावा खोडून काढल्यासारखं झालं असतं. 'म्हणे', 'फक्त', 'कुणीतरी' हेही टाळलं, कारण अशा शब्दांत निकाल आधीच लागून जातो. लाल दिवे, 'सगळ्यांना पाठवा' आणि परदेशांची यादी गाळली. नागपूरचा पारा ४८ वर जाणार हे वाक्यही गाळलं: तो वेगळा दावा आहे, आणि तो सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या अंदाजाशी ताडून पाहता येतो.

आता दावा तपासू. थंडाव्यानं त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, फुटत नाहीत. प्यायलेलं गार पाणी पोटात गेल्यावर लवकरच अंगाइतकं कोमट होतं. उलट, उष्माघातात शरीर झटपट गार करणं हाच मुख्य उपचार; उन्हात धावून कोसळलेल्या खेळाडूला तर बर्फाच्या पाण्यात बसवतात. बर्फगार पाणी घटाघटा पिऊन काहींचं कपाळ क्षणभर ठणकतं, ते वेगळं. हृदयविकार असलेल्यांनी मात्र एकदम बर्फगार पाण्यात उतरू नये. म्हणजे पहिली ओळ टिकत नाही. दुसरीतला अर्धा तास तर घातकच आहे: तहानलेल्या, घामेजलेल्या माणसाला पाण्यावाचून बसवून ठेवायचं! उन्हातून आल्यावर लगेच पाणी, ताक, पन्हं द्यावं. ओआरएस असेल तर पाकिटावर जितकं पाणी लिहिलंय तितक्यातच कालवावं. हळूहळू प्या, हा सल्ला चालेल, घटाघटा पिऊन उलटी होऊ नये म्हणून.

माणूस बरळायला लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून पंखा लावा, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. अंग कोरडं नाही, घाम आहे, म्हणून लू लागली नसेल असं धरून बसू नका. उन्हात राबणाऱ्यांना उष्माघात झाला तरी घाम सुटलेला असू शकतो.

मेसेज पुन्हा आला, तर त्याखाली फक्त वरच्या दोन ओळी टाका. तपासणीचा भाग वेगळ्या मेसेजमध्ये पाठवा. दोन्ही एकत्र आले की लोक गोषवाऱ्यालाच मत समजून वाद घालतात.