कर्नल साहेबांना पत्र: शिफारसपत्र मिळण्याबाबत

विजापूर रोड, सोलापूर
१८ ऑगस्ट २०२५

आदरणीय कर्नल अनिरुद्ध परांजपे साहेब (निवृत्त), पुणे
यांसी,

राम राम साहेब.

मी हवालदार दत्तात्रय माने, आपल्या पलटणीतला एमटी हवालदार. आपण कमांडिंग ऑफिसर होता तेव्हा २०१४ ते २०१६ मी आपल्या हाताखाली होतो. गेल्या वर्षी ३१ ऑगस्टला चोवीस वर्षांची नोकरी संपवून घरी आलो. पेन्शन वेळेवर चालू झाली, तब्येत ठणठणीत आहे. मॅडम आणि आपण सुखरूप असाल अशी आशा आहे. पत्ता सुभेदार साहेबांकडून घेतला. फोनही करता आला असता, पण फोनवर मला नीट मांडता आलं नसतं, म्हणून पत्र.

काम असं आहे. जिल्ह्यातल्या एका खासगी साखर कारखान्यात ऊस वाहतुकीसाठी पर्यवेक्षकाची जागा निघाली आहे. अर्ज केला, पहिली मुलाखत झाली. शेतकी अधिकाऱ्यांनी डिस्चार्ज बुक उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "चारित्र्य उत्तम, हे सगळ्यांच्याच बुकात असतं हो. तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचं काही आहे का?" त्यांचं म्हणणं मला पटलं. बुकात ट्रेड आहे, कोर्स आहेत, मेडल आहेत. पण मी गाड्या कशा सांभाळल्या ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. ते आपण पाहिलं आहे. म्हणून आपलं शिफारसपत्र मागायला लिहितोय.

आपल्याला वाटेल, चोवीस वर्षांनंतर सुखानं बसायचं सोडून हे कशाला? साहेब, वय चव्वेचाळीस. थोरली इंजिनीअरिंगला आहे, मोहोळकडची दीड एकर कोरडवाहू. आणि खरं सांगायचं तर घरी बसून मी सगळ्यांच्या डोक्यावर बसलोय, असं बायको म्हणते. या वर्षभरात बऱ्याच ठिकाणी विचारणा झाली, पण माजी सैनिक म्हटलं की लोकांना फक्त गेट दिसतं. बारा तास उभं राहायचं, मोटारी आल्या की दांडी वर करायची. त्या कामाला मी कमी लेखत नाही, आपल्यातली कितीतरी पोरं ते इमानानं करतात. पण मला गाड्यांचं कळतं.

साखरेतलं काही कळत नाही, हे मी मुलाखतीतच सांगून टाकलं. मग त्यांनी काम समजावलं. ऊस तुटला की वजन आणि उतारा दोन्ही घटायला लागतात, त्यामुळे गाडी फडातून निघून काट्यावर कधी येते याला महत्त्व. ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या सगळे एकदम आले तर गाडीतळावर खोळंबा, आले नाहीत तर गव्हाण रिकामी. वाहनमालक वेगळा, ड्रायव्हर वेगळा, टोळीचा मुकादम तिसराच, आणि तिघांचीही तक्रार एकाच वेळी. ऐकता ऐकता मला आपला कॉनव्हॉय आठवला. मी त्यांना एकच विचारलं, रात्री चालणाऱ्या ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर आहेत का? दर हंगामात आपल्याकडं अंधारात ट्रॉलीवर दुचाकी आदळून माणसं जातात. ते जरा थांबले, मग म्हणाले, हे काम पहिल्या दिवसापासून तुमच्याकडंच देऊ. तिथं मला आशा वाटली.

आता आपण काय लिहावं हे मी सांगणं म्हणजे लहान तोंडी मोठा घास. तरी दोन गोष्टींची आठवण करून देतो.

एक सेला खिंडीतली. जानेवारीतला दिवस, तेरा हजार फुटांच्या वर, वळणावर झऱ्याचं पाणी रस्त्यावर येऊन गोठलेलं. पुढचा स्टॅलियन चालवणारा पोरगा नवा होता, चाक सरकलं आणि त्याचे हात स्टिअरिंगवरच आखडले. मी त्याला खाली उतरवलं, चहा पाजला, सगळ्या गाड्यांना चेन चढवायला लावल्या आणि एकेक गाडी वळणावरून काढायला सुरुवात केली. आपली जिप्सी मागून आली. आपण विचारलं, "माने, किती वेळ?" मी म्हणालो, "साहेब, घाई केली तर संध्याकाळ होईल, नाही केली तर दोन तास." आपण काही न बोलता जिप्सीत जाऊन बसलात. शेवटची गाडी मी त्याच पोराला चालवायला दिली, तेव्हा आपण काच खाली करून बघत होता. एरवी तो पुन्हा घाटात गाडीला हात लावायला धजला नसता.

दुसरी डिझेलची. कारखान्याचा खरा प्रश्न हाच आहे, अधिकाऱ्यांनी दोनदा विचारलं. रोज फर्स्ट परेडला मी स्वतः टाकीत पट्टी घालून बघायचो. संध्याकाळी कार डायरी, मीटर आणि पट्टी तिन्ही जुळल्याशिवाय पार्कला कुलूप लागायचं नाही. आपण एकदा रात्री साडेनऊला न सांगता आलात आणि हाताला लागेल ती डायरी उचलून टाकी तपासायला लावलीत, ते आपल्याला आठवत असेल. त्या वेळी जे दिसलं तेवढंच लिहावं. ड्रायव्हर मंडळी माझ्यावर वैतागायची, तेही लिहिलंत तरी माझी हरकत नाही. कारखान्याला बहुतेक तेच आवडेल.

शौर्य, देशसेवा वगैरे मजकूर नसला तरी चालेल. तो ऐकून लोक उठून हात मिळवतात आणि पुन्हा गेटचंच काम पुढं करतात. ठिकाणांची नावं घालणं आपल्याला योग्य वाटत नसेल तर 'उंच डोंगराळ भाग' एवढं पुरे. मी आपल्याकडं किती काळ होतो, किती गाड्या आणि माणसं माझ्याकडं होती, हिशेब कसा होता आणि आपण स्वतः मला अशा कामावर ठेवाल का, एवढं एका पानात आलं तर माझं काम होईल. ठेवणार नसाल तर तसं मला मोकळेपणानं सांगा. मी दुसऱ्या साहेबांना विचारीन, मनात काही धरणार नाही.

दुसरी मुलाखत ५ सप्टेंबरला आहे, कारण दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू व्हायच्या आधी त्यांना वाहनांचे करार उरकायचे आहेत. पत्र साध्या कागदावर सहीनिशी असलं तरी चालेल. आधी फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवलात आणि मूळ प्रत टपालानं सोडलीत तर वेळेत हातात पडेल. कारखान्यातून कदाचित आपल्याला फोन येईल. आपला नंबर त्यांना दिलेला चालेल का, हेही कळवावं. विचारल्याशिवाय दिलेला नाही.

सोबत डिस्चार्ज बुकच्या पानांच्या झेरॉक्स, जागेची जाहिरात आणि माझी माहिती एका कागदावर जोडली आहे. पोस्टिंगच्या तारखा त्यातून बघून घ्याव्यात. माझा मोबाइल नंबर त्याच कागदावर वर लिहिला आहे.

सोलापूरकडं येणं झालं तर घरी यावं. हुतात्मा एक्सप्रेसनं आलात तर स्टेशनवर मी गाडी घेऊन हजर असेन, आणि शेंगाचटणी-भाकरी खाल्ल्याशिवाय बायको सोडणार नाही. मॅडमना नमस्कार सांगावा.

जय हिंद साहेब.

आपला आज्ञाधारक,
हवालदार (निवृत्त) दत्तात्रय महादेव माने