ट्यूबच्या टोकावरची काळी पट्टी कशासाठी असते?

आमच्या टूथपेस्टच्या ट्यूबचा एक फोटो गेल्या आठवड्यापासून व्हॉट्सॲपवर फिरतोय. ट्यूबच्या चपट्या टोकावरच्या काळ्या पट्टीला लाल वर्तुळ केलंय आणि खाली लिहिलंय: हिरवी पट्टी म्हणजे नैसर्गिक, निळी म्हणजे नैसर्गिक अधिक औषधी, लाल म्हणजे नैसर्गिक अधिक केमिकल आणि काळी म्हणजे निव्वळ केमिकल. बऱ्याच जणांनी तो फोटो आम्हाला पाठवून खरं काय ते विचारलं. बहुतेकांचा प्रश्न एकच होता, ‘मुलांना ही पेस्ट द्यावी की नाही?’

ही माहिती चुकीची आहे. पट्टीच्या रंगाचा आतल्या पेस्टशी काहीही संबंध नाही. ती खूण पेस्ट भरणाऱ्या यंत्रासाठी असते. पॅकिंगच्या कामात तिला ‘आय मार्क’ म्हणतात.

ट्यूब आमच्याकडे येते तेव्हा ती रिकामी असते. टोपण लावलेलं असतं आणि मागचं टोक उघडं असतं. यंत्रात ती टोपण खाली करून उभी राहते आणि स्वतःभोवती फिरते. समोर प्रकाशाचा एक बारीक झोत असतो. पट्टी त्या झोतासमोर आली की परत येणारा प्रकाश बदलतो, सेन्सरला ते कळतं आणि ट्यूब बरोबर त्या जागी थांबते. मग उघड्या टोकातून पेस्ट भरली जाते, टोक गरम करून दाबून बंद होतं, त्यावर बॅच नंबर उमटतो आणि जास्तीची कड कापली जाते. ही खूण नसेल तर ट्यूब कुठल्याही बाजूने चपटी होईल. म्हणजे नाव अर्धं पुढे, अर्धं मागे आणि घटकांची यादी नेमकी कडेच्या घडीत.

सेन्सरला रंग कुठला याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला हवा असतो तो मागच्या रंगापेक्षा ठळक वेगळेपणा. आमची मोठी ट्यूब पांढरी आहे, म्हणून तिच्यावर काळी पट्टी. प्रवासासाठीच्या छोट्या ट्यूबच्या छपाईत गडद निळी शाई आधीपासूनच आहे, त्यामुळे तिथे पट्टीही निळीच छापली जाते. दुसऱ्या फोटोत दोन्ही ट्यूब शेजारी ठेवल्या आहेत. दोन्हींत एकच पेस्ट आहे, एकाच बॅचची. मेसेजच्या हिशेबाने तीच पेस्ट एका ट्यूबमध्ये ‘निव्वळ केमिकल’ ठरते आणि दुसरीत ‘औषधी’. शाम्पूचे पाऊच किंवा चिप्सच्या पाकिटांच्या कडा पाहिल्यात तर तिथेही असे चौकोन सापडतील. पाकीट कुठे कापायचं हे यंत्राला त्यावरून समजतं.

आता ‘केमिकल’बद्दल. आमच्या पेस्टमध्ये रसायनं आहेत. दात घासण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट, पेस्ट सुकू नये म्हणून सॉर्बिटॉल, फेसासाठी सोडियम लॉरिल सल्फेट आणि दात किडू नयेत म्हणून फ्लोराइड. पाणीही आहे, आणि तेही रसायनच. पूर्णपणे नैसर्गिक असल्याचा दावा आम्ही कधी केलेला नाही. एखाद्याला फ्लोराइड किंवा फेस आणणारा घटक नको असेल तर ती त्यांची निवड आहे. पण मग बघायची ती घटकांची यादी. ती ट्यूबच्या मागच्या बाजूला आणि खोक्यावर छापलेली आहे. अक्षरं बारीक आहेत हे मान्य, म्हणून तिसऱ्या फोटोत तीच यादी मोठी करून दिली आहे.

मुलांच्या बाबतीत पट्टीपेक्षा पेस्ट किती घ्यायची हे जास्त महत्त्वाचं. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरते. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली दिसते तेवढी लागत नाही. घासून झाल्यावर मुलांना ती थुंकायला लावा, गिळू देऊ नका. पेस्ट वापरून तोंड आलं किंवा हिरड्यांची आग झाली तर वापर थांबवून दंतवैद्यांना दाखवा आणि खोक्यावरच्या ग्राहक क्रमांकावर आम्हालाही कळवा. फोन करताना ट्यूब हाताशी ठेवा, कारण टोकावर उमटवलेला बॅच नंबर लागेल.

ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला, त्यांनी तो घरच्यांच्या काळजीपोटीच पाठवला असणार. त्याच ग्रुपवर ही पोस्टही टाकलीत तर बरं होईल.

‘मग पट्टी हिरवीच का करत नाही, वादच मिटेल,’ असंही काहींनी सुचवलं. तसं करणार नाही. हिरवी पट्टी छापली तर त्या मेसेजला आम्हीच दुजोरा दिल्यासारखं होईल, आणि आतली पेस्ट तर तीच राहणार. पुढच्या छपाईतही पांढऱ्या ट्यूबवर पट्टी काळीच असेल.