पेपरआधीचा पोटातला गोळा: दहावी-बारावीच्या मुलांसाठी गटकार्यशाळा

"पोर्शन झाला काय?" दूधवाल्यापासून मामापर्यंत सगळे हेच विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मराठी माध्यमातल्या कितीतरी मुलांना त्यात कन्नडच्या पेपरचं वेगळं टेन्शन असतं. घरी ते कुणाला सांगायचं, हेही कळत नाही. सांगितलं तर "अभ्यास कर, सगळं जमतंय" एवढंच ऐकायला मिळतं.

रविवार, 8 फेब्रुवारीला बेळगावच्या टिळकवाडीत एसएसएलसी आणि पीयूसी दुसऱ्या वर्षाच्या 16 मुलामुलींचा छोटा गट करून बसणार आहोत. सकाळी 10.30 ते 1. व्याख्यान नाही, फळ्यावर सुविचार तर नाहीच.

काय करणार आहोत? भीती वाटली की शरीरात नेमकं काय होतं ते बोलू. श्वासाचा एक साधा सराव करू. उरलेल्या दिवसांचं, झोप धरून, जमेल असं वेळापत्रक प्रत्येकजण स्वतःचं मांडेल. आणि एसएसएलसीच्या पेपरला प्रश्नपत्रिका वाचायला मिळणाऱ्या त्या पहिल्या 15 मिनिटांत हात थरथरत असतील तर काय करायचं, याची चक्क तालीम करू. मला स्वतःला हाच भाग सगळ्यात उपयोगाचा वाटतो. बोलायचं नसेल त्यानं नुसतं ऐकलं तरी चालेल.

आता स्पष्टच सांगते. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. ही कार्यशाळा म्हणजे उपचार नव्हे, इथे निदान होत नाही. अडीच तासांत ताण जाईल किंवा मार्क वाढतील असं मी म्हणणार नाही. कुणाला यातलं काही उपयोगी पडेल, कुणाला नाही पडणार. झोप, जेवण बरेच दिवस बिघडलेलं असेल, सारखं रडू येत असेल, तर कार्यशाळेची वाट न बघता डॉक्टरांना भेटा. औषधं चालू असतील तर ती माझ्या किंवा कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका.

जगणंच नको वाटत असेल तर आजच घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला सांगा आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो.

गटात बोललेलं गटातच राहील, हे सगळ्यांकडून कबूल करून घेऊ. फक्त कुणाच्या जिवाला धोका वाटला तर पालकांशी बोलावं लागेल, आणि ते मी आधी त्या मुलाला सांगेन.

18 वर्षांखालच्यांना पालकांची सही लागेल. आईबाबांनी 12.30 ला या, शेवटचा अर्धा तास तुमच्यासाठी. (शेजारच्या पोराचे टक्के घरी ठेवून या!)

फी 150 रुपये. अडचण असेल तर मेसेजमध्ये तेवढंच लिहा, कारण विचारणार नाही. नाव, इयत्ता आणि गाव या पेजवर मेसेज करा, पत्ता तिथेच पाठवते. खानापूर, निपाणीहून येणाऱ्यांनी बसची वेळ कळवा, थोडं मागेपुढे करू.

#बेळगाव #परीक्षेचाताण #एसएसएलसी #पीयूसी