खाली फुली

नेमणूक आदेश, रुजू अहवाल आणि शेवटी एक कोरा कागद. कागदाच्या तळाशी पेन्सिलीची बारीक फुली.

"इथं सही. तारीख टाकू नका," हेडक्लार्क म्हणाले.

"कशाचं हे, साहेब?"

"राजीनामा. सगळ्यांचाच घेतात. कपाटात पडून असतो."

मंगेशने आधी रुजू अहवालाची दुसरी प्रत पुढे केली. "पोच द्या ना." आवक क्रमांक पडला, शिक्का बसला. प्रत घडी करून खिशात गेली.

"साहेब, खासगी शाळेला 1977 चा कायदा लागतो. कलम 7. राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख. एक रजिस्टर पोस्टानं संस्थेला, दुसरी माझ्याकडे."

"कायदा आम्हालाही ठाऊक आहे. सही करा."

त्याने केली. कागदाच्या अगदी वरच्या कडेला, खाली आजची तारीख, शाईने. वर एक ओळही मावली नसती.

हेडक्लार्कांनी कागद उलटसुलट पाहिला. आतल्या खोलीत संस्थाचालक खोकले. हेडक्लार्कांनी तो कागद चहाच्या कपाखाली सरकवला आणि हळूच विचारलं, "माझा 2009 सालचा आहे. खाली सही केलेला. आता काय करता येईल?"