भाडे हप्त्याने देण्याबाबत विनंती

मालवण
दि. २८ जून २०२५

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोन करणार होतो, पण पैशांचं बोलणं फोनवर अर्धवट राहतं, म्हणून लिहून कळवतो. जूनपर्यंतचं भाडं तुम्हाला पोचलं आहे. जुलैपासून तीन महिने मात्र पूर्ण ६,००० रुपये एकरकमी भरणं मला जमणार नाही. ते हप्त्याने घ्यावं, ही विनंती.

स्कूबा आणि किल्ल्याच्या होड्या २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात, ते आम्ही दरवर्षी धरूनच चालतो. मे महिन्याच्या कमाईवर पावसाळा निघतो. यंदा मात्र २० तारखेच्या सुमारासच पावसाने आणि वाऱ्याने गाठलं, आणि २५ मेला तर मान्सूनच देवगडात पोचला. सीझनचा शेवटचा, सगळ्यात गर्दीचा आठवडा हातचा गेला. बोटमालकाला पर्यटकांचे आगाऊ बुकिंगचे पैसे परत करावे लागले, त्यामुळे आमचा मेचा हिशेब अडकला आहे. तो दिवाळीत मिळेल. त्यांचीही अडचण खरी आहे, मी तगादा लावलेला नाही.

सध्या गणपतीच्या शाळेत रंगकामाला जातो. तिथे उचल थोडी मिळते, बाकी पैसे मूर्ती घरोघरी गेल्यावर, म्हणजे चतुर्थीनंतर. त्यावर घरखर्च चालेल आणि अर्धं भाडंही निघेल.

म्हणून असं सुचवतो : जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर दरमहा ३,००० रुपये, १० तारखेच्या आत. उरलेले ९,००० ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरच्या भाड्यासोबत दर महिन्याला ३,००० जादा, म्हणजे त्या तिन्ही महिन्यांत दरमहा ९,००० रुपये. डिसेंबरअखेर बाकी शून्य. लाइटबिल आजवर भरतो तसं मीच वेळेवर भरीन. बोटीचे पैसे लवकर हाती आले तर डिसेंबरची वाट न बघता देऊन टाकीन. डिपॉझिटमधून वळते करून घ्या असं म्हणत नाही, ती रक्कम घराच्या नुकसानीसाठी आहे, ती तशीच राहू दे.

तुमचंही घरखर्चाचं गणित या भाड्यावर असेल, याची जाणीव आहे. हप्ते थोडे वर-खाली करायचे असतील तर मोकळेपणाने सांगा. पटलं तर व्हॉट्सॲपवर ‘चालेल’ एवढं लिहून पाठवा, म्हणजे दोघांकडेही नोंद राहील. १० जुलैच्या आधी कळलं तर बरं होईल.

काकींना नमस्कार.

आपला नम्र,
संतोष
(मागच्या दोन खोल्या)

ता. क. न्हाणीवरची दोन कौलं सरकली होती, ती बसवून घेतली. चतुर्थीला तुम्ही याल त्याआधी पुढचं अंगणही बेणून ठेवतो. हे भाड्यात धरू नका, दरवर्षी करतो तसंच आहे.