शीतगृह करार, कलम 11: आटोपशीर मसुदा आणि अर्थाची तपासणी

अध्यक्षसाहेब, नमस्कार.

कलम 11 वाचून सभासदांना काहीच उमगत नाही, असे आपण म्हणालात. त्यांचे बरोबर आहे. कलम आटोपशीर करून पाठवत आहे. जबाबदारी कोणाची, किती आणि कधी, यात काहीही बदललेले नाही. ते कसे तपासले तेही खाली लिहिले आहे.

मूळ कलम:

"ठेवीदाराने शीतगृहात ठेवलेल्या बेदाण्याचे कोणत्याही प्रकारचे, कोणत्याही स्वरूपाचे अथवा कितीही प्रमाणातील नुकसान, हानी, नासधूस, खराबी किंवा तूट झाल्यास, सदर नुकसान हे शीतगृहचालक, त्याचे नोकर, कामगार, हस्तक, प्रतिनिधी अथवा त्याच्या वतीने किंवा सांगण्यावरून काम करणारी अन्य कोणतीही व्यक्ती यांच्या निष्काळजीपणामुळे, हयगयीमुळे किंवा दुर्लक्षामुळे झालेले नाही असे शीतगृहचालकाने सिद्ध केल्याखेरीज, शीतगृहचालक सदर नुकसान ठेवीदारास भरून देण्यास जबाबदार राहील; परंतु असे की, सदर जबाबदारी कोणत्याही परिस्थितीत, सदर नुकसान लक्षात येण्यापूर्वीच्या शेवटच्या सौद्यातील तासगाव बाजार समितीमधील त्याच प्रतीच्या बेदाण्याच्या सरासरी दराने होणाऱ्या किमतीपेक्षा अधिक असणार नाही; तसेच नफ्यातील घट यांसह कोणत्याही अप्रत्यक्ष नुकसानीस शीतगृहचालक जबाबदार राहणार नाही; मात्र या कलमातील कोणतीही मर्यादा फसवणुकीस अथवा जाणूनबुजून केलेल्या कृत्यास लागू होणार नाही; ठेवीदाराने नुकसान लक्षात आल्यापासून 7 दिवसांच्या आत शीतगृहचालकास लेखी कळवावे."

नवा मसुदा:

11.1 शीतगृहात ठेवलेल्या बेदाण्याचे नुकसान झाले किंवा तूट आली, तर ती भरपाई शीतगृहचालक देईल. नुकसान आपल्या किंवा आपल्या वतीने वा सांगण्यावरून काम करणाऱ्या कोणाच्याही निष्काळजीपणामुळे झालेले नाही, हे त्याने सिद्ध केले तर तो जबाबदार राहणार नाही.

11.2 भरपाई, नुकसान लक्षात येण्यापूर्वीच्या तासगाव बाजार समितीतील शेवटच्या सौद्यातील त्याच प्रतीच्या बेदाण्याच्या सरासरी दराने होणाऱ्या किमतीपेक्षा जास्त नसेल. नफ्यातील घटीसह कोणत्याही अप्रत्यक्ष नुकसानीची भरपाई मिळणार नाही.

11.3 कलम 11.2 मधील दोन्ही मर्यादा फसवणुकीला किंवा जाणूनबुजून केलेल्या कृत्याला लागू नाहीत.

11.4 ठेवीदाराने नुकसान लक्षात आल्यापासून 7 दिवसांत शीतगृहचालकास लेखी कळवावे.

सर्वांत जपण्याची गोष्ट 11.1 मध्ये आहे. "निष्काळजीपणामुळे नुकसान झाल्यास चालक भरपाई देईल" असे एका ओळीत लिहिता आले असते, आणि ते वाचायलाही सोपे. पण मग रात्री कॉम्प्रेसर बंद पडला होता की नाही, हे शेतकऱ्याने कसे सिद्ध करायचे? खोलीची चावी आणि तापमानाची नोंदवही दोन्ही चालकाकडे असतात. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 151 प्रमाणे ठेव घेणाऱ्याने, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी घ्यायची असते. ती घेतली असेल तर कलम 152 त्याला जबाबदारीतून सोडवते. माल त्याच्या ताब्यात असताना खराब झाला तर काळजी घेतल्याचे त्यानेच दाखवायचे, ही न्यायालयांची जुनी भूमिका आहे. मूळ कलमात तेच "सिद्ध केल्याखेरीज" या शब्दांत आहे. ते मी उघड वाक्यात ठेवले.

"हानी, नासधूस, खराबी" हे सारे "नुकसान" या शब्दात येते, म्हणून गाळले. "तूट" मात्र मुद्दाम राखली. बॉक्स शाबूत असून वजन कमी भरले, तर ते नुकसान नव्हेच असा वाद होऊ शकतो. "हयगय" आणि "दुर्लक्ष" निष्काळजीपणातच मोडतात. "सांगण्यावरून" गाळण्याचा मोह झाला होता. पण हमालांचा ठेकेदार चालकाचा नोकर नसतो, त्याच्या सांगण्यावरून काम करतो, आणि बॉक्स फुटतात ते बहुतेक हमालीत.

"त्याच प्रतीच्या" हे शब्द कुणी काढू देऊ नका. हिरव्या बेदाण्याची भरपाई काळ्याच्या दराकडे ओढली जाईल.

नफ्याच्या वाक्यात एक बारकावा आहे. "नफ्यातील घट व अप्रत्यक्ष नुकसान" असे लिहिले असते, तर सर्वच नफा वगळला गेला असता. मूळ कलम अप्रत्यक्ष असलेलाच नफा वगळते. अधिनियमाचे कलम 73 सुद्धा दूरच्या, अप्रत्यक्ष नुकसानीची भरपाई देत नाही. म्हणून "घटीसह" हीच रचना ठेवली.

11.3 मध्ये "दोन्ही" हा शब्द हवाच. नुसते "मर्यादा" म्हटले तर ती फक्त कमाल रकमेची आणि नफ्याची अट वेगळी, असे चालकाचे वकील म्हणू शकतील. 11.4 मध्ये "कळवल्यासच भरपाई" असे लिहिलेले नाही. मुळात ती अट नव्हती. उशीर झाला तर हक्क जाईल, असे कुठेही नाही.

कमाल रक्कम वाढवून घ्यायची असेल, तर ती आटोपशीर करण्याच्या नावाखाली घालू नका. तो वेगळा प्रस्ताव द्या आणि चालकाशी समोर बसून बोला. हा मसुदा त्यांच्या वकिलांना दाखवताना दोन्ही मजकूर शेजारी ठेवून द्या.

आपला,
सल्लागार वकील, सांगली